आमची वाटचाल : आठ गाळ्यांचं शेड अन् सात दिवसांचा हिशोब

औसा रोडला भाड्याच्या गाळ्यात दोन वेल्डिंग मशीन घेऊन मी २००९ ला सुरुवात केली, तेव्हा काम म्हणजे ग्रील, गेट अन् पाण्याच्या टाकीचे स्टँड. पुढं हळूहळू शेड करायला लागलो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा आमच्यासाठी रिकामाच गेला कारण प्यायलाच पाणी नाही तिथं काँक्रीटवर कोण मारणार. आज आमच्याकडं अठ्ठावीस माणसं आहेत, वर्षाला पाच-सहा शेड होतात. पण मधल्या काळात पैसे कुठं गेले ते सांगायचं म्हणजे एकच गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे काम लवकर उरकायची घाई.

पार्टी म्हणते लवकर करा, आपण म्हणायचो करतो की, अन् सरसकट सगळ्यांना ओव्हरटाईम लावून द्यायचो. खोदाईवाल्याला डबल, वेल्डरला नाईट, पत्रेवाल्याला दुसरी गँग. काम संपल्यावर बघावं तर दोनच दिवस वाचलेले अन् लाखभर रुपये उडालेले.

एकदा उलटं केलं. जालन्याला बियाण्याच्या गोडाऊनचं काम होतं, म्हटलं जादा पैसे लावायचेच नाहीत, ड्रॉइंग फायनल व्हायच्या आधीच कटिंग सुरू करू, फुकटात आठवडा वाचतो. चौदा कॉलम कापून झाले अन् पार्टीनं उंची २० फुटावरून २२ फूट केली, थप्पी जास्त लागती म्हणे. चूक पार्टीची नव्हती, त्यांनी सही कुठं केली होती? प्रत्येक कॉलमला दोन फुटाचा तुकडा जोडून प्लेटा मारून वेल्डिंग करत बसलो, ६२ हजार गेले अन् वर पाच दिवस.

या दोन्ही चुकांना नावं आहेत हे भाच्यानं सांगितलं. तो पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा, सुट्टीत साईटवर यायचा. पैसे टाकून एखादं काम कमी दिवसात करणं म्हणजे क्रॅशिंग, अन् एकामागं एक करायची कामं थोडी एकमेकांवर चढवून सोबत चालवणं म्हणजे फास्ट ट्रॅकिंग. "मामा, तुम्ही दोन्ही करता, फक्त हिशोब न करता," असं तोंडावर म्हणला. राग आला, पण खरं होतं.

त्यानं हिशोब शिकवला तो आमच्या लातूरच्याच एका डाळमिलच्या शेडवर. आठ गाळ्यांचं शेड, म्हणजे कॉलमांच्या ओळींमधले आठ भाग, अन् काळी माती असल्यानं फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, खाली मुरमापर्यंत न्यायची होती. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत यायला लागती, त्याआधी फ्लोअर पिकून मशीन बसायला पाहिजे, म्हणून पार्टीनं ३४ दिवस दिले अन् पुढं रोज १० हजार दंड. आमच्या नेहमीच्या चालीनं काम ४१ दिवसांचं होत होतं. फूटिंग १६ दिवस, त्याच वेळी वर्कशॉपला फॅब्रिकेशन १८ दिवस, ते दोन्ही झालं की इरेक्शन म्हणजे सांगाडा उभा करणं ८, मग पत्रा ७, मग ट्रायमिक्स म्हणजे मशीननं जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीटचं फ्लोअर ८. फूटिंग अन् फॅब्रिकेशन सोबत चालतं म्हणून त्यातलं मोठं धरायचं, १८. बेरीज ४१. सात दिवस काढायचे होते.

भाच्यानं प्रत्येक कामाचा कॉस्ट स्लोप काढायला लावला. अवघड काही नाही, काम लवकर केल्यावर खर्च किती वाढतो त्याला किती दिवस वाचतात त्यानं भागायचं:

```
कॉस्ट स्लोप = (क्रॅश खर्च - नॉर्मल खर्च) / (नॉर्मल दिवस - क्रॅश दिवस)
```

फॅब्रिकेशन १८ चं १४ दिवसात करायला नाईट शिफ्ट अन् भाड्याची मशीन धरून २४ हजार जास्त लागत होते, म्हणजे दिवसाला ६ हजार. तसंच फूटिंगचे ९ हजार निघाले, इरेक्शनचे १४ हजार कारण दुसरी हायड्रा क्रेन अन् दुसरी गँग लागते, पत्र्याचे ८ हजार. पत्रा अन् इरेक्शन जास्तीत जास्त दोन-दोन दिवसच कमी होत होते. फ्लोअरला क्रॅशच नाही, पॅनल एक सोडून एक टाकावे लागतात अन् मशीनवाला एकच. फ्लोअरची क्युरिंग, म्हणजे पाणी मारून पिकवणं, तर कुणाच्या बापाला क्रॅश होत नाही, ते दिवस आम्ही ॲग्रीमेंटमध्येच वेगळे काढून ठेवले होते. फूटिंगमधली क्युरिंग पण तशीच, काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस सांगतो, म्हणून तिथं फार तर सळई अन् सेंट्रिंगची गँग वाढवून तीन दिवस निघतात.

आता मी म्हणलो, सोपं आहे, सगळ्यात स्वस्त फॅब्रिकेशन आहे, त्याचेच चार दिवस काढू. इथंच माझी जुनी चूक होती. फॅब्रिकेशन १८ चं १६ केलं तोवर काम ४१ चं ३९ होतं, बरोबर. पण १६ वर आलं की खाली फूटिंग पण १६ चीच आहे. आता फॅब्रिकेशन १४ केलं तरी कॉलम उभे कशावर करणार, अँकर बोल्टचं काँक्रीट ओलंच. म्हणजे तिसऱ्या दिवसापासून दोन्ही सोबत कापावे लागतात अन् भाव ६ हजार राहत नाही, ६ अन् ९ मिळून १५ हजार होतो. आम्ही आजवर वर्कशॉपला नाईट लावून माल तयार करायचो अन् तो माल साईटवर पडून राहायचा, ते पैसे कुठं जायचे ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून एक-एक दिवस काढायचा अन् प्रत्येक वेळी परत बघायचं की आता एकामागं एक कामांचा सगळ्यात लांब रस्ता कोणता.

नुसतं क्रॅश करून हिशोब असा लागत होता: फॅब्रिकेशनचे दोन दिवस १२ हजार, पत्र्याचे दोन १६ हजार, इरेक्शनचे दोन २८ हजार, अन् उरलेला एक दिवस फूटिंग-फॅब्रिकेशन जोडीनं १५ हजार. एकूण ७१ हजार. आता हे परवडतं का? दिवस वाचला की आमचा सुपरवायझर, चौकीदार, मिक्सर-जनरेटरचं भाडं असे ४ हजार वाचतात अन् १० हजार दंड वाचतो, म्हणजे दिवसाची किंमत १४ हजार. इरेक्शन बरोबरीत, अन् शेवटचा १५ हजारवाला दिवस तर हजार रुपये तोट्यात. त्यापेक्षा दंड भरलेला बरा.

मग फास्ट ट्रॅकिंगकडं वळलो. जालन्यापासून मला त्याची धास्ती होती, पण भाचा म्हणला की ते काय फुकट नसतंय मामा, त्याचा पण स्लोप काढा, फक्त खर्चाच्या जागी बिघडायचा धोका धरा. ड्रॉइंगवर सही नसताना कापायचं ते पुन्हा करायचंच नाही असं ठरवलं, कारण तिथं धोका आपल्या हातात नसतो. पण पत्रा अन् फ्लोअर एकमेकांवर चढवता येत होतं. चार गाळ्यांवर पत्रा पडला की त्याखाली पहिल्या तीन गाळ्यांत फ्लोअर टाकायला सुरू करायचं, मधला एक गाळा मोकळा, कारण वर माणूस चढलेला असताना बरोब्बर त्याच्या खाली कुणाला उभं करायचं नाही. स्क्रू एक जरी पडला तरी डोक्यात.

धोका परतीच्या पावसाचा होता. अर्धं शेड उघडं, बाजूचा पत्रा नाही, वाऱ्यानं पाऊस आत आला तर ओल्या फ्लोअरची वाट. पॅनल फोडून परत टाकायला ४० हजार अन् दोन दिवस, दोन दिवसांचे २८ हजार, मिळून ६८ हजार. ऑक्टोबरचा अंदाज म्हणून मी चारात एक वेळ धरली, म्हणजे १७ हजार, वर ताडपत्री अन् जादा माणूस ५ हजार. २२ हजारात तीन दिवस, दिवसाला साडेसात हजारांच्या आतच. इरेक्शनच्या निम्मं.

अजून एक गंमत. पत्रा सातच्या पाच दिवसात करायचं आधी ठरलं होतं. पण आता फ्लोअरला पूर्ण पत्रा लागत नाही, अर्धा लागतो. सात दिवसांच्या चालीनं अर्धं शेड चौथ्या दिवशी झाकतं, सहाच्या चालीनं तिसऱ्या, अन् पाचच्या चालीनं पण तिसऱ्याच दिवशी दुपारी. म्हणजे दुसऱ्या दिवसाचे ८ हजार वाया, त्यानं फ्लोअर लवकर सुरू होतच नाही. मी कागदावर तीन वेळा घालून बघितलं तेव्हा पटलं.

शेवटी असं ठरलं: फॅब्रिकेशन दोन दिवस १२ हजार, पत्रा एकच दिवस ८ हजार, फ्लोअर चढवून तीन दिवस २२ हजार, इरेक्शन एक दिवस १४ हजार. ५६ हजार. दिवस मोजा, १६ अन् ७ अन् ३ अन् ८, बरोबर ३४. इरेक्शनचा दिवस हिशोबात ना नफा ना तोटा, पण पार्टी गावातली, म्हटलं दंड भरून नाव कशाला खराब करा.

झालं काय ते पण सांगतो. २८ व्या रात्री पाऊस आलाच. तीन बाजूंनी ताडपत्री होती तरी एका पॅनलच्या कोपऱ्यात पाणी घुसलं, वरची साय निघून खडी दिसायला लागली. सकाळी घासून पॅच मारला, ६ हजारात भागलं, दिवस गेला नाही. पण यावरून चारात एक धरलेलं जास्त होतं असं मी म्हणत नाही, वारा दुसऱ्या बाजूनं असता तर तीन पॅनल गेले असते.

खरा दणका नाईट शिफ्टनं दिला. १२ हजार धरले होते, १७ हजार लागले. स्लोप काढताना आपण धरतो की प्रत्येक दिवस सारख्याच पैशात वाचतो, पण रात्री दोन नंतर वेल्डरचा हात मंदावतो. राफ्टरच्या एंड प्लेटचे दोन जॉइंट भाच्यानंच नाकारले, बाजूनं अंडरकट पडला होता अन् आत बारीक भोकं होती, ग्राइंडरनं काढून परत वेल्डिंग. म्हणजे खरा स्लोप साडेआठ हजार.

शेड ३४ व्या दिवशी दिलं. पुढच्या वर्षी त्याच पार्टीनं शेजारी दुसरं शेड दिलं, पार्टीचा पोरगा म्हणला, "काका, याला पण नाईट लावा, मागच्या वेळी छान झालं." मी वही काढली. आता नाईट ८,५०० अन् पत्रा ८ हजार, म्हणून यावेळी पहिला दिवस पत्र्याचा काढला, वर्कशॉपला रात्री कुलूप.