बारा आठवडे पायथॉन: पट्टीतला एक रुपया

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात हिशेब लिहायला मी नऊ वर्षं आहे. सकाळी दहाला दुकान, रात्री साडेआठला घर. प्रोग्रॅमिंग शिकून पुढे त्याच कामाला लागायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न वेळेचा होता. म्हणून सुरुवात जूनच्या पहिल्या सोमवारी केली. पेरण्या सुरू झाल्या की मोंढा थंडावतो आणि दसऱ्यानंतर नवीन सोयाबीन येईपर्यंत जरा श्वास घ्यायला मिळतो. बारा आठवडे त्या मोकळ्या फटीत नीट बसतात.

आराखडा असा होता: पहिले तीन आठवडे पायथॉनची ओळख, चौथ्यात फाईल वाचणं-लिहिणं, पाच ते आठ स्वतःच्या कामातला एक प्रोग्रॅम, नऊ-दहामध्ये फाईलच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आणि माहिती टेबलांत साठवणारं एसक्यूएलाइट, शेवटचे दोन आठवडे वेबपेज. सोमवार ते शनिवार रोज सव्वा तास आणि रविवारी तीन तास धरले, म्हणजे एकूण १२६ तास. वहीत रोजची नोंद ठेवली आहे, त्यात प्रत्यक्ष ९४ तास भरले. सातवा आठवडा तापात गेला. बाकीची बरीचशी तूट पहिल्या पंधरवड्यातली, कारण तेव्हा मी रात्री जेवण झाल्यावर बसत होतो. दिवसभर आकडे लिहिल्यावर रात्री कंस कुठे सुटला तेही दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पहाटे पाच ते सव्वासहा ही वेळ धरली आणि ती टिकली.

पहिल्या तीन आठवड्यांबद्दल एकच गोष्ट सांगतो. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण ते समजणं हाताला येत नाही. म्हणून दर रविवारी मी एक कोरी फाईल उघडायचो आणि त्या आठवड्यात शिकलेलं काहीही न बघता लिहायचो. पहिल्या रविवारी `for` च्या ओळीच्या शेवटी विसर्गासारखं चिन्ह लागतं हेसुद्धा आठवलं नाही. दुसऱ्या रविवारी लूप जमला, पण फंक्शनमधून उत्तर परत कसं द्यायचं तिथे अडलो. `print` आणि `return` यांतला फरक मला वाचून कळला नव्हता, कोऱ्या फाईलवर अडल्यावर कळला. जे कोऱ्या फाईलवर येत नाही ते पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यायचं, एवढाच नियम ठेवला.

पाचव्या आठवड्यात खरं काम सुरू झालं. प्रोग्रॅम कशाचा करायचा हे ठरलेलंच होतं: शेतकऱ्याची पट्टी. वजन, भाव, कट्ट्यांची संख्या घ्यायची आणि हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती रुपये पडायचे ते काढायचं. हा हिशेब मी डोळे मिटून करतो, त्यामुळे उत्तर चुकलं तर मला ते लगेच कळतं. नवशिक्याने प्रोग्रॅम निवडताना एवढं बघावं असं माझं ठाम मत झालं आहे. अनोळखी विषयातला प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देत राहतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

पहिली आवृत्ती एका पहाटेत झाली. क्विंटल गुणिले भाव, वजा हमाली-तोलाई, आणि शेवटी रक्कम पुऱ्या रुपयांत आणायला `round()`. गेल्या हंगामातल्या ६० पट्ट्या वहीतून काढून प्रोग्रॅमला दिल्या. ५७ जुळल्या, तीन पट्ट्यांत बरोबर एक रुपया कमी आला.

त्यातली एक पट्टी अशी. वजन ८.५० क्विंटल, भाव ४,३८१, कट्टे १७. माल झाला ३७,२३८.५० रुपयांचा. आमच्याकडे हमाली-तोलाई मिळून कट्ट्यामागे ८ रुपये, म्हणजे १३६. उरले ३७,१०२.५०. मुनीम काकांच्या वहीत ३७,१०३ आहेत आणि प्रोग्रॅम म्हणतो ३७,१०२.

मी आधीच वाचलं होतं की कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक बायनरीत ठेवतो, त्यामुळे ०.१ सारखी संख्या त्याला अचूक ठेवता येत नाही. दोष तिथेच असणार असं धरून मी सगळा हिशेब पायथॉनच्या `Decimal` मध्ये नेला, त्यात दशांश अचूक राहतो. त्यात दोन पहाटा गेल्या. आणि त्याच तीन पट्ट्या त्याच एका रुपयाने चुकत राहिल्या.

तेव्हा मी पुन्हा वहीकडे वळलो. साठांपैकी ज्यांच्या शेवटी पुरते पन्नास पैसे येत होते अशा पट्ट्या वेगळ्या काढल्या, त्या सात निघाल्या. चुकलेल्या तिन्ही त्यांतच होत्या, पण चार जुळल्याही होत्या. मग चार बरोबर का? त्याच वजनाची, त्याच कट्ट्यांची, ४,३८३ भावाची पट्टी शेजारी ठेवली. तिथे उरतात ३७,११९.५०, काका लिहितात ३७,१२० आणि प्रोग्रॅमही ३७,१२० म्हणतो. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिल्यावर उलगडा झाला. १०२ सम आहे, ११९ विषम आहे. पायथॉन ३ मधलं `round()` बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं.

```
>>> round(37102.5)
37102
>>> round(37119.5)
37120
```

याला कारण आहे. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर लाखो आकड्यांच्या बेरजेत एकूण रक्कम हळूहळू फुगते. सम संख्येकडे गेलं की निम्मे वर जातात, निम्मे खाली, आणि बेरीज जागेवर राहते. `Decimal` सुद्धा वेगळं काही सांगितलं नाही तर हाच नियम पाळतं, म्हणून माझी दोन दिवसांची मेहनत वाया गेली. शिवाय .५० ही संख्या बायनरीत अचूकच बसते, त्यामुळे या तिन्ही पट्ट्यांत दशांशाचा दोष मुळात नव्हताच. एक्सेलचं `ROUND` मात्र अर्धा वर ढकलतं, म्हणून दुकानातल्या शीटमध्ये हा फरक कधी दिसला नव्हता. पायथॉन २ मध्येही वर ढकलण्याचीच पद्धत होती, त्यामुळे जुना धडा वाचून शिकणाऱ्याची फसगत होऊ शकते.

आता प्रश्न उरला की आपल्याकडचा नियम नेमका काय. मी काकांना विचारलं.

"काका, पन्नास पैसे आले की तुम्ही नेहमी वरच धरता का?"

"वरच धरायचे. शेतकऱ्याच्या पदरात टाकायचे. माझ्या आधीपासून ही रीत हाय."

"आणि हमाली काढायच्या आधी की नंतर?"

"एकदाच, सगळं काढून झाल्यावर. मधीच धरत गेलास तर वही जुळायची नाही."

ही दोन उत्तरं कुठल्याही धड्यात मिळाली नसती आणि त्यांच्याशिवाय प्रोग्रॅम बरोबर झालाच नसता.

दुरुस्ती करताना जे हाती लागलं ते मला या बारा आठवड्यांत सगळ्यात आवडलेलं आहे. भाव क्विंटलला रुपयांत असतो, वजन किलोत. क्विंटलमध्ये १०० किलो आणि रुपयात १०० पैसे. म्हणजे किलो गुणिले भाव केलं की उत्तर थेट पैशांत येतं, भागाकार करावाच लागत नाही. ८५० गुणिले ४,३८१ बरोबर ३७,२३,८५०, हेच पैसे. सगळा हिशेब पूर्णांकात राहतो आणि दशांशाचा प्रश्नच उरत नाही.

```python
def patti(kilo, bhav, katte):
    paise = kilo * bhav - katte * 800
    return (paise + 50) // 100

assert patti(850, 4381, 17) == 37103
assert patti(850, 4383, 17) == 37120
```

८०० म्हणजे कट्ट्यामागचे ८ रुपये, पैशांत. शेवटच्या ओळीत ५० पैसे मिळवून १०० ने पूर्णांक भागाकार केला की अर्धा आपोआप वर जातो. `assert` च्या दोन ओळी मी मुद्दाम तिथेच ठेवल्या आहेत. पुढे कधी सूत्राला हात लावला आणि उत्तर बिघडलं तर प्रोग्रॅम चालू होतानाच थांबतो. या मांडणीनंतर साठच्या साठ पट्ट्या जुळल्या.

तिच्या मर्यादाही लिहून ठेवतो. आमचा काटा पुरे किलो दाखवतो म्हणून हे चालतं. काटा ग्रॅम दाखवत असेल तर वजन ग्रॅममध्ये घेऊन सगळंच हजारपट धरावं लागेल. शेतकऱ्याने उचल घेतली असेल तर ती मी रक्कम पुऱ्या रुपयांत आल्यानंतर वजा करतो. आणि उत्तर `37103` ऐवजी `37103.0` असं दिसलं तर समजायचं की कुठूनतरी दशांश संख्या आत शिरली आहे. माझ्याकडे ती एक्सेलमधून आली होती.

आठव्या आठवड्यात नावं जोडली आणि नवा अडथळा आला. विंडोजवर शेतकऱ्याचं नाव देवनागरीत फाईलमध्ये लिहायला गेलो की `UnicodeEncodeError` आणि त्यात `'charmap' codec` असे शब्द. माझ्या लॅपटॉपवर पायथॉन फाईल उघडताना विंडोजची जुनी लिपीसारणी धरत होतं आणि तिच्यात देवनागरी नाही. `encoding="utf-8"` दिल्यावर फाईल लिहिली गेली, पण ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं. तिथे `encoding="utf-8-sig"` लागतं. त्याने फाईलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि एक्सेल ती ओळखतं. याउलट ज्याची मला धास्ती होती ते सोपं निघालं. काका आकडे देवनागरीतच टाइप करतात आणि `int("८५०")` पायथॉनला जसंच्या तसं कळतं, ८५० मिळतात. हे पाहिलं त्या पहाटे फार आनंद झाला.

नवव्या आठवड्यात गिट. `patti_nava.py`, `patti_nava2.py`, `patti_barobar.py` अशा फाईली साठल्या होत्या, त्या संपल्या. रोज काम संपवून उठताना एक कमिट, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, करतो आणि तिचा संदेश मराठीत लिहितो. एसक्यूएलाइट अर्धंच झालं: टेबल तयार करणं, पट्टी टाकणं आणि एका शेतकऱ्याच्या सगळ्या पट्ट्या काढणं एवढं येतं, दोन टेबलं जोडणं कोऱ्या फाईलवर अजून येत नाही. वेबपेजला हातच लावला नाही. आराखड्यात शेवटच्या चार आठवड्यांत तीन नवे विषय कोंबले होते, ते चुकलंच. पुन्हा आखलं तर बारा आठवड्यांत पायथॉन, गिट आणि एकच प्रोग्रॅम ठेवेन.

बाराव्या आठवड्यात पोळ्याला मोंढा बंद होता. त्या दिवशी काका घरी आले, मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला. त्यांनी स्वतःच्या वहीतल्या पाच पट्ट्या टाकून बघितल्या, त्यांतली एक पन्नास पैशांची. पाचही जुळल्या. मग त्यांनी विचारलं की एकाच शेतकऱ्याचे दोन सौदे, दोन वेगळ्या भावांचे, एका पट्टीवर असले तर काय करणार. आमच्याकडे असं होतं, आणि माझं फंक्शन एकच भाव घेतं. सौद्यांची यादी घेऊन पैशांत बेरीज करायची आणि रुपयात शेवटी एकदाच आणायचं, असं कागदावर मांडून ठेवलं आहे. सोमवारी पहाटे तिथून सुरुवात.