सामन्यागणिक संघाची ताकद: `q` या एका आकड्याचा माझा अनुभव

प्रत्येक निकालानंतर संघाच्या ताकदीचा अंदाज सुधारत नेणाऱ्या काल्मन फिल्टरचा गाभा दहा ओळींचा आहे आणि तो पहिल्याच दुपारी चालतो. वैताग आणला तो त्यातल्या एका आकड्याने. दोन सामन्यांच्या मधल्या प्रत्येक दिवसागणिक संघाच्या ताकदीबद्दलची आपली अनिश्चितता किती वाढू द्यायची, हे तो आकडा ठरवतो. कोडमध्ये त्याला `q` म्हणतात. फिल्टर तपासायची म्हणून जी चाचणी जो-तो सांगतो ती नेमकी याच आकड्याबाबत आंधळी असते. हे कळेपर्यंत मी दहापट चुकलेला फिल्टर बरोबर समजून वापरत होतो.

आधी मांडणी, थोडक्यात. इंग्लंडची प्रीमिअर लीग घेतली: २० संघ, हंगामात ३८० सामने. ताकद गोलमध्ये मोजायची, कोडमध्ये ती `x`. ०.५ ताकद म्हणजे तटस्थ मैदानावर सरासरी संघापेक्षा अर्ध्या गोलने वरचढ. सामन्याचा अपेक्षित गोलफरक म्हणजे यजमानांची ताकद वजा पाहुण्यांची ताकद अधिक घरच्या मैदानाचा फायदा, जो मी ०.३५ धरला. प्रत्यक्ष निकाल या अपेक्षेभोवती बराच उडतो. त्या उडण्याचा व्हेरिअन्स `R` मी २.६ ठेवला, म्हणजे साधारण १.६ गोल इकडे-तिकडे. संघाची ताकद आपल्याला किती कमी ठाऊक आहे ते `P` मध्ये राहतं. सामना नसलेल्या दिवसांत `P` वाढतो, सामना झाला की थोडा घटतो.

```python
dt = (date - last).days
assert dt >= 0
P += q * dt * M            # M = np.eye(20) - 1/20
h = np.zeros(20); h[i] = 1; h[j] = -1
S = h @ P @ h + R
K = P @ h / S
v = gd - (x[i] - x[j] + ha)
x += K * v
P -= np.outer(K, h @ P)
last = date
```

हे आकड्यांत कसं दिसतं ते एका सामन्यावर पाहू. कोविडमुळे लीग थांबली तेव्हा शेवटचा सामना ९ मार्च २०२० ला झाला होता आणि खेळ पुन्हा सुरू झाला १७ जूनला. मध्ये बरोबर १०० दिवस. त्या संध्याकाळी मँचेस्टर सिटीने घरच्या मैदानावर आर्सेनलला ३-० हरवलं. समजा मार्चमध्ये सिटीची ताकद १.१ होती, आर्सेनलची ०.३, आणि दोघांचा `P` ०.०६. `q` रोजचा ०.०००२ धरला तर १०० दिवसांत ०.०२ भर पडते आणि `P` ०.०८ होतो. अपेक्षित गोलफरक १.१५, झाला ३, म्हणजे अंदाज १.८५ गोलांनी चुकला, हाच कोडमधला `v`. दोघांचे `P` आणि `R` मिळून `S` २.७६, त्यामुळे या चुकीचा ०.०८ भागिले २.७६ म्हणजे सुमारे २.९ टक्के हिस्सा प्रत्येक संघाच्या खात्यावर जातो. सिटी ०.०५४ ने वर, आर्सेनल तेवढाच खाली. हाच निकाल ९ मार्चला लागला असता तर ०.०४१ एवढंच हललं असतं. मध्ये वेळ गेला म्हणून त्याच निकालाचं वजन जवळपास एक तृतीयांशाने वाढलं. सगळ्या खटाटोपाचा मुद्दा तेवढाच आहे.

(त्या सामन्याला प्रेक्षक नव्हते, तेव्हा ०.३५ चा फायदा तसाच धरणं शंकास्पद. कोणी म्हणेल तो फायदाही `x` मध्ये एक जास्तीचा घटक म्हणून टाका. टाकता येतो, पण मग त्यालाही स्वतःचा `q` लागतो, म्हणजे डोकेदुखी दुप्पट.)

आता अडलं कुठे ते. माझ्या पहिल्या कोडमध्ये `dt` नव्हताच. संघ आठवड्याला एकदा खेळतो, म्हणून फाइलमधली प्रत्येक ओळ वाचताना मी `P` मध्ये सात दिवसांची भर घालत होतो. ओळ मात्र एका सामन्याची असते आणि फेरीत दहा सामने असतात. म्हणजे प्रत्येक आठवड्याला सगळ्या वीस संघांची अनिश्चितता दहा वेळा फुगत होती. कोड कुठे अडखळला नाही, ताकदीचे आकडे बघायला ठीक वाटले, सिटी आणि लिव्हरपूल वर होते.

मग चाचणी लावली. प्रत्येक सामन्यात अंदाजातल्या चुकीचा वर्ग भागिले `S` घ्यायचा, हंगामाची सरासरी काढायची, ती १ च्या आसपास आली की फिल्टर स्वतःची अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगतोय असं समजायचं. एकच्या जवळ आली. मी निर्धास्त.

ती एकच्या जवळ येणारच होती, हे कागदावर गणित मांडल्यावर दिसलं. `S` मध्ये २.६ हा `R` चा वाटा आहे आणि दोन संघांच्या `P` चा मिळून ०.१२. दहापट `q` मुळे `P` ०.०६ वरून साधारण ०.२ वर गेला तरी `S` २.७२ वरून जेमतेम ३.० होतो. या चुकलेल्या फिल्टरसाठी त्या सरासरीची अपेक्षित किंमत निघते ०.९३. आणि ३८० सामन्यांच्या सरासरीत नुसत्या योगायोगाने ०.०७ चा फरक पडतो. दहापट चूक अशी चाचणीच्या नेहमीच्या चढउतारात आरामात लपून बसते. विमानाच्या रडारवर ही चाचणी चालते, कारण तिथे मोजमापाचा गोंधळ वस्तूच्या हालचालीच्या मानाने लहान असतो. फुटबॉलमध्ये प्रमाण बरोबर उलटं आहे.

चूक पकडली ती चाचणीशिवायच, एका साध्या हिशेबाने, आणि फिल्टर चालवायच्या आधी तो करून ठेवावा असं मी आता सांगेन. आठवड्याची भर `w` (सात गुणिले `q`) आणि एका सामन्याने होणारी घट जिथे बरोबरीत येतात तिथे `P` स्थिरावतो:

```
P*P / (2*P + R) = w
```

`w` ०.००१४ आणि `R` २.६ ठेवून सोडवलं तर `P` ०.०६ च्या थोडा वर येतो. पूर्ण मॅट्रिक्स वापरली की काटेकोर उत्तर थोडं हलतं, पण कुठे पोचायचं ते कळतं. माझा फिल्टर हंगामाच्या मध्यावर ०.२ दाखवत होता. सुरुवात मी ०.२५ पासून केली होती. म्हणजे एकोणीस सामने बघून तो संघाबद्दल जवळपास काहीच शिकला नव्हता. हे समोर आलं आणि दहा मिनिटांत ती ओळ सापडली. `dt` तारखांवरून काढला की एकाच दिवशीच्या दुसऱ्या सामन्यापासून भर आपोआप शून्य होते.

बग गेला, तरी ०.०००२ हाच आकडा का, हा प्रश्न उरतोच. योग्य पद्धत लॉग-लाइकलिहूडची: प्रत्येक सामन्याआधी फिल्टरने जो अंदाज दिला होता त्याच्या हिशेबात झालेला निकाल किती संभाव्य होता, याची बेरीज.

```python
ll += -0.5 * (np.log(2 * np.pi * S) + v * v / S)
```

इथेही तोच अडथळा आहे, फक्त आता तो मोजता येतो. खरा `q` ०.०००२ असताना तुम्ही दहापट धरला तर एका हंगामात साधारण ६ गुणांचं नुकसान होतं, ते दिसतं. दुप्पट धरला तर नुकसान अर्ध्या गुणाचं. अर्धा गुण म्हणजे काहीच नाही. एखाद्या ५-० ने तो भरून निघतो. म्हणून एका हंगामावर `q` शोधायला बसलात तर संगणक तुम्हाला चार सार्थ अंकांपर्यंत उत्तर देईल आणि पुढच्या हंगामावर चालवलं की वेगळंच उत्तर येईल. मी हे करून वेळ घालवला. निदान दहा हंगाम घ्या, `q` ०.००००५, ०.०००१, ०.०००२ असा दुपटीने वाढवत न्या, आणि वक्राचा सपाट माथा जिथे असेल त्याच्या मधला आकडा उचला. त्याहून बारीक शोधण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा `P` मुरेपर्यंत पहिले काही आठवडे बेरजेत धरू नका.

जोडीला एका संघाच्या लागोपाठच्या दोन चुकांमधला संबंध पाहावा. संघ यजमान नसेल तेव्हा `v` चं चिन्ह उलटवायला विसरू नका. `q` फार लहान असेल तर चुका सलग एकाच बाजूच्या येतात, फिल्टर संघाच्या मागून फरफटत जातो. फार मोठा असेल तर चिन्ह आलटूनपालटून येण्याकडे कल दिसतो, कारण एका निकालावर तो जास्त उडी मारतो आणि पुढच्या सामन्यात माघार घेतो. दहापट चुकीत हा संबंध उणे ०.०३ च्या आसपास असतो, तेव्हा तोही एका हंगामात दिसत नाही, दहा हंगामांत दिसतो.

आठवलं म्हणून: ती `assert` ओळ शोभेला नाही. सिटी-आर्सेनल सामना मुळात २८व्या फेरीचा. १ मार्चला सिटी लीग कपच्या अंतिम सामन्यात होती म्हणून तो पुढे ढकलला गेला. फाइल फेरीनुसार लावली तर १७ जूनचा सामना ७ मार्चच्या आधी येतो. `dt` आधी शंभरावर जातो, मग उणे होतो, आणि जूनचा निकाल मार्चच्या अंदाजात शिरतो. पुढच्यामागच्या भरी एकमेकींना कापून टाकत असल्यामुळे शेवटचा `P` बघून काहीही कळत नाही. फाइल नेहमी तारखेनुसार लावा.

`M` का, हेही सांगायचं राहिलं. सामने फक्त ताकदीतला फरक दाखवतात, सगळ्या संघांची एकत्रित पातळी कोणताच सामना सांगत नाही. प्रत्येक संघात स्वतंत्रपणे `q` टाकलात तर त्या पातळीची अनिश्चितता रोज `q` भागिले २० इतकी वाढत राहते आणि तिला कमी करणारं काहीच नसतं. दहा वर्षांत ती ०.०३६ होते, म्हणजे स्थिर `P` च्या निम्म्याहून जास्त. अंदाज बिघडत नाहीत, पण `P` चा कर्ण बघून निष्कर्ष काढणारा फसतो. `M` ती दिशा गाळतो.

उन्हाळ्याची सुट्टी वेगळी हाताळावी लागते. नव्वद दिवसांचे `q` ने मिळणारे ०.०१८ अपुरे पडतात, कारण त्या काळात खेळाडूंची खरेदी-विक्री होते आणि प्रशिक्षक बदलतात. ग्लिकमन आणि स्टर्न या संख्याशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकन फुटबॉलसाठी हेच केलं होतं: आठवड्याचा बदल वेगळा, हंगामाचा वेगळा. मी हंगामाच्या सुरुवातीला ०.०५ ची एकरकमी भर घालतो. नव्याने वर आलेल्या तीन संघांच्या ओळी आणि स्तंभ पुसून त्यांना ०.२५ चा `P` आणि सरासरीहून कमी ताकद देतो. २०२० चे शंभर दिवस मात्र साध्या `q` वरच सोडले, कारण त्या काळात संघ जवळपास तेच राहिले.

आणि २५ ऑक्टोबर २०१९ ची ती रात्र, लेस्टरने साउथॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर ९-० हरवलं तेव्हाची. सरळ गॉसिअन फिल्टर अशा निकालाला आठ-साडेआठ गोलांची बातमी समजतो आणि दोन्ही संघांना एका रात्रीत जवळपास ०.१९ ने हलवतो. एरवी एवढं सरकायला आठवडे लागतात. मी `v` ४ वर कापतो. लॉग-लाइकलिहूडमध्येही तोच कापलेला `v` वापरा, नाहीतर `q` शोधताना असा एक सामना सगळा वक्र स्वतःकडे ओढून घेतो.