तुम्ही विचारलंत म्हणून : बसकाकांचा निरोप

«आमच्या शाळेच्या बसचे काकाही यंदा निवृत्त होत आहेत. तुमच्याकडे बावीस वर्षांनी काकांना निरोप दिलात, तेव्हा नेमकं काय केलंत?»

शाल आणि श्रीफळ आम्हीही दिले, पण निरोपाचे खरे काम त्याच्या तीन आठवडे आधी सुरू झाले होते. काकांनी नोकरी सोडण्याचा निर्णय स्वतःच घेतला. थंडीच्या दिवसांत सकाळी सहाच्या अंधारात घोडबंदर रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रेलरचे दिवे डोळ्यांपुढे पसरल्यासारखे दिसू लागले आहेत, असे त्यांनी परिवहन समितीच्या बैठकीत सांगितले. त्यांचा परवाना चालू होता, वैद्यकीय प्रमाणपत्रही होते आणि कोणी त्यांना काही विचारलेले नव्हते. मी त्या समितीत पालकांची प्रतिनिधी होते. ते बोलले आणि मग थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही, एवढे मला आठवते. त्यानंतर त्यांनी एकच मागणी केली : नवा चालक आधी बसमध्ये बसवा, निरोपाचे नंतर बघू.

ही मागणी समजण्यासाठी काकांचा रस्ता माहीत हवा. आमची शाळा पोखरण रोडच्या बाजूला, आणि मुले मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणारी. ठाण्याहून निघाले की डाव्या हाताला डोंगराकडच्या सोसायट्या आणि उजव्या हाताला खाडीकडच्या. बसचे दार डावीकडे असते, त्यामुळे जाताना डोंगराकडची मुले आपल्याच बाजूला उतरतात, पण खाडीकडच्या मुलाला तिथेच उतरवले तर त्याला सगळा रस्ता ओलांडावा लागतो. म्हणून काका दुपारी आधी डोंगराकडची मुले सोडत कासारवडवलीपर्यंत जात, तिथून वळत आणि परतीच्या वाटेवर खाडीकडची मुले त्यांच्या फाटकाशी सोडत. सकाळीही क्रम हाच होता. रिकामी बस वर जाताना डोंगराकडची मुले चढत आणि खाली येताना खाडीकडची. त्यामुळे जो सकाळी आधी बसमध्ये बसे तोच दुपारी आधी घरी पोहोचे आणि कोणाच्याही वाट्याला दोन्ही वेळचा लांब प्रवास येत नसे.

हा क्रम कागदावर सरळ दिसतो, पण काकांना तो टिकवावा लागला. मेट्रो चारच्या कामासाठी रस्त्याच्या मध्ये पत्रे लागले, वळण्याच्या जागा बदलल्या आणि वाघबिळच्या मुलांना घरी पोहोचायला पूर्वीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागू लागली. काही पालकांनी, आणि हे मला लिहायलाच हवे, त्यांत मीही होते, असा प्रस्ताव मांडला की बस जाताना समोरच थांबवावी आणि मावशींनी मुलांना हात धरून रस्ता ओलांडून द्यावा. काका नको म्हणाले. त्यांचे कारण असे की मावशी चार मुलांना घेऊन पलीकडे गेल्या की बसमधल्या उरलेल्या तीस मुलांपाशी कोणी राहत नाही, आणि चार मुलांसाठी हात दोनच असतात.

मग त्यांनी आम्हाला शाळेच्या आवारात बोलावले आणि एकेका पालकाला चालकाच्या आसनावर बसवले. दुसरीतली एक मुलगी बसच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी अगदी लागून उभी राहिली. मी काचेतून पाहिले, बाजूच्या आरशात पाहिले, आणि मला ती दिसली नाही. पुढे लावलेल्या फुगीर गोल आरशात तिच्या केसांची रिबीन तेवढी दिसली, तीही तिथे पाहायचे आहे हे काकांनी सांगितल्यावर. उतरलेले मूल पडलेला डबा उचलायला किंवा घाईने पलीकडे जायला नेमके ह्याच कोपऱ्यातून जाते. उतरलेली सगळी मुले मावशींनी बसपासून दूर, भिंतीशी उभी करून मोजायची, हात वर करायचा आणि मगच गिअर टाकायचा, ही त्यांची पद्धत त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षे त्या बसने जात होता.

नव्या चालकाला फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता दाखवणार, पालक लवकर सोडा म्हणून मागे लागणार आणि पहिल्या महिन्यात नवखा माणूस पालकांना नाही म्हणू शकणार नाही, हे काकांना ठाऊक होते. म्हणून पहिला आठवडा नवा चालक शेजारी बसला आणि काकांनी बस चालवली. दुसऱ्या आठवड्यात नव्या चालकाने चालवली आणि काका शेजारी बसले. तिसऱ्या आठवड्यात काका मागच्या बाकावर मुलांमध्ये बसले आणि विचारल्याशिवाय बोलले नाहीत. समितीने त्याच काळात थांब्यांचा क्रम, प्रत्येक थांब्याची बाजू आणि मुलाला घ्यायला येणाऱ्या माणसाचे नाव लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली, म्हणजे नव्या चालकाला वाद घालावा लागणार नाही, कागद दाखवता येईल. तुम्हाला एकच गोष्ट करणे शक्य असेल तर हे तीन आठवडे मिळवा. ठेकेदार दोन माणसांचा पगार द्यायला कुरकुर करतो. आमच्याकडे तो भार पालकांनी वाटून घेतला.

दुसरे काम पैशांचे होते. काका शाळेचे नव्हे, ठेकेदाराचे नोकर होते, आणि ठेकेदाराने आधी एक पाकीट देऊन विषय संपवायचा प्रयत्न केला. ग्रॅच्युइटीचा हिशेब अवघड नसतो : शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ने भागायचे, १५ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. १८ हजार रुपये आणि २२ वर्षे धरली तर ही रक्कम सुमारे २ लाख २८ हजार होते. आमच्यातल्या एका पालकांनी हा हिशेब लिहून दिला, पगाराच्या जुन्या पावत्या जोडल्या, आणि दोन महिन्यांनी का होईना, पैसे खात्यात जमा झाले. पालकांची वर्गणी आम्ही त्यात मिसळली नाही. भेट ही भेट राहावी आणि देणे हे देणे राहावे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटच्या दिवशी व्यासपीठ नव्हते. काकांनाच ते नको होते. आम्ही प्रत्येक थांब्यावर त्या थांब्याच्या पालकांनी उभे राहायचे ठरवले आणि वाहतूक अडू नये म्हणून थांबा दोनच मिनिटांचा ठेवला. जुनी मुलेही आली होती, त्यांतली काही आता नोकरी करणारी. वाघबिळला एक मुलगी स्वतःच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. काकांनी तिला नावाने हाक मारली आणि ‘भिंतीशी उभी राहा गं’ म्हणाले, तेव्हा ती हसता हसता रडू लागली आणि तशीच मागे सरकून भिंतीला टेकली.

शेवटचे मूल उतरल्यावर बस शाळेत परतली. काका नव्या चालकाला घेऊन नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले, कारण झोपलेले लहान मूल बाकावरून घसरून खाली गेले तर पुढून दिसत नाही. प्रत्येक बाकाखाली दोघांनी वाकून पाहिले. डावीकडच्या सहाव्या बाकाखाली एक निळी पाण्याची बाटली सापडली. नव्या चालकाने ती उचलली, क्षणभर पाहिली आणि म्हणाला, ‘ही पातलीपाड्याच्या दुसऱ्या थांब्यावरच्या मुलाची.’ काकांनी मान हलवली आणि खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.