दहा रुपयांचे १२८ प्रकार

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात तेव्हा चहाच्या मशीनचं सॉफ्टवेअर चाललं होतं. चहा १० रुपयांचा. गिऱ्हाइकाने वीसची नोट घातली की मशीन १० रुपये सुटे परत देणार, आणि आत नाण्यांचे डबे तीनच: १, २ आणि ५ चे. कुठला डबा कधी रिकामा होईल याचा नेम नाही, म्हणून १० रुपये जितक्या प्रकारे देता येतात तितके सगळे एकदा तरी तपासायचे, असं ठरलं. प्रकार मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी पाच मिनिटांत हे लिहिलं:

```
ways = [1] + [0] * 10
for a in range(1, 11):
    for c in (1, 2, 5):
        if a >= c:
            ways[a] += ways[a - c]
```

उत्तर आलं १२८. तेच टेस्टिंगच्या मॅडमना पाठवून मी जेवायला गेलो.

परत येतो तर त्या कागद घेऊन माझ्या खुर्चीपाशी उभ्या. "अरे, मी हाताने मांडून बघितलं, दहाच होतात. पाचची दोन नाणी दिली तर एक प्रकार. पाचचं एकच दिलं तर उरलेल्या पाचाचे तीन. आणि पाचचं एकही नाही दिलं तर दोनची शून्यापासून पाचापर्यंत कितीही, बाकी सुटा रुपया, म्हणजे सहा. तू उरलेले एकशे अठरा कुठून आणलेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोड मी तपासला होता, पण १ आणि २ रुपयांवर. दोन्ही उत्तरं बरोबर होती. आधी वाटलं नाण्यांचा क्रम चुकला असेल, म्हणून `(5, 2, 1)` करून पाहिलं. तरी १२८च. (हा उपाय सुचणारा मी एकटाच नसणार.)

शेवटी ३ रुपये घेतले. हाताने दोन प्रकार होतात: दोन आणि एक, किंवा तीन वेळा एक. कोड म्हणाला ३. मग आतली बेरीज कागदावर केली. `ways[3]` म्हणजे `ways[2]` अधिक `ways[1]`. `ways[2]` मध्ये "एक, एक" आणि "दोन" हे दोन आहेत. त्यांच्यापुढे एकचं नाणं ठेवलं की "एक, एक, एक" आणि "दोन, एक". `ways[1]` मध्ये नुसतं "एक". त्यापुढे दोनचं ठेवलं की "एक, दोन". म्हणजे "दोन, एक" आणि "एक, दोन" वेगवेगळे मोजले गेले. माझा कोड प्रत्येक रकमेला विचारत होता, "शेवटचं नाणं कुठलं पडलं?", आणि शेवटी कुठलंही नाणं पडू शकतं. १ आणि २ रुपयांत मुळात दोन वेगळी नाणी एकत्र येतच नाहीत, मग चूक दिसणार कशी!

दुरुस्ती म्हणजे `ways` ची पहिली ओळ तशीच ठेवून लूपांची अदलाबदल:

```
for c in (1, 2, 5):
    for a in range(c, 11):
        ways[a] += ways[a - c]
```

इथे आधी एकच्या नाण्याने सगळ्या रकमा भरून होतात, प्रत्येकीचा एकच प्रकार. मग दोनची पाळी येते, आणि तेव्हा एकची पाळी संपलेली असते. दोनच्या नंतर एक ठेवायला आता जागाच नाही, म्हणून "एक, दोन" मोजलं जातं आणि "दोन, एक" कधी तयारच होत नाही. शेवटी पाच. `ways[10]` दहा आलं. इथेही नाणी उलट क्रमाने दिली तरी दहाच येतात. फरक पडतो तो बाहेरचा लूप नाण्यांचा की रकमेचा यानेच.

जुना कोड पुसायला घेतला, तेवढ्यात हार्डवेअरवाला मित्र म्हणाला, "थांब. गिऱ्हाईक सुटे पैसे घालतो तिकडे मला क्रम लागतो. पाच टाकून मग एक, आणि एक टाकून मग पाच, यांत स्क्रीनवरचे आकडे वेगळे बदलतात." म्हणजे मशीनने दिलेल्या सुट्यांचे प्रकार १०, आणि त्याच चहासाठी नाणी घालायचे १२८. मग दोन्ही ठेवले, फक्त फंक्शनांना नीट वेगळी नावं दिली.

मॅडम तेवढ्यावर सोडणार नव्हत्या. "नऊ रुपये घालून झाल्यावर कुणी पाचचं टाकलं तर? ते तुझ्या १२८ मध्ये नाही." नव्हतंच. पहिल्या कोडची यादी पुन्हा काढली: ६ रुपयांपर्यंत पोचायचे १५ मार्ग, ७ पर्यंत २६, ८ पर्यंत ४४, ९ पर्यंत ७५. ६, ७ आणि ८ वरून पाचचं नाणं दहा ओलांडतं, ९ वरून दोनचंही आणि पाचचंही. १५ अधिक २६ अधिक ४४ अधिक दोनदा ७५, म्हणजे आणखी २३५. त्या दिवशी घणसोलीहून ठाण्याची लोकल साडेनऊची मिळाली.