मीच सांगितलं, आणि मीच लिंक मारली

गेल्या महिन्यात अंबाजोगाईच्या एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. विषय त्यांनीच दिलेला, ब्लॉग सुरू केल्यावर पहिल्या वर्षात पोरं काय चुकतात. मी लातूरचा, अकरा वर्षं झाली मराठीत लिहितोय, त्यामुळे असली बोलावणी येतात. चुरमुऱ्याचा सुशीला आणि चहा झाला, सरांनी मला 'ज्येष्ठ' म्हणून पार म्हातारं करून टाकलं, प्रोजेक्टर पंधरा मिनिटं निळा पडदा दाखवत बसला. हे सगळीकडं असंच असतं.

माझ्या स्लाइडा ठरलेल्या. पण स्लाइडा बघून लेकरं झोपतात हे मला माहित झालंय, म्हणून मधेच विचारलं की कुणाचा चालू ब्लॉग आहे का, आत्ता उघडून बघू. दोन-तीन हात वर झाले आणि परत खाली गेले. शेवटी मागून एक पोरगी उठली. बीएस्सी दुसरं वर्ष, केजकडच्या गावातली, हॉस्टेलला राहते. आठ महिन्यांत 61 पोस्ट, गूगलच्या ब्लॉगरवर, फुकटचा ब्लॉगस्पॉट पत्ता. म्हणली, "सर, बारा हजार व्ह्यूज झालेत पण गूगलवर कुठंच दिसत नाही."

पहिली चूक इथंच होती आणि ती जवळपास सगळ्यांचीच असते. ब्लॉगरच्या आतल्या आकड्यांत बॉट पण मोजले जातात, आणि बंद केलं नसेल तर आपण स्वतः दहादा उघडून बघितलेलं पण. ते बारा हजार म्हणजे किती माणसं, हे त्यावरून कळतच नाही. म्हणून म्हणलं सर्च कन्सोल उघड, आपली पानं गूगल शोधात कशी दिसतात ते तिथं कळतं. तिनं ते जोडून ठेवलेलं होतं ही मोठी गोष्ट, वर्षभर लिहून ते न जोडलेले महाभाग मी कितीतरी बघितलेत.

उघडलं तर 61 पैकी 19 पानं इंडेक्समधे. बाकीच्यांपुढं बहुतेक ठिकाणी `Crawled - currently not indexed`, म्हणजे गूगल येऊन वाचून गेलं आणि ठेवलं नाही. त्या पोस्टी उघडल्या तर सगळ्या भरतीच्या जाहिराती. पदसंख्या, शेवटची तारीख, पात्रता, इकडून उचलून तिकडं ठेवलेलं. तीच जाहिरात शंभर ठिकाणी असते, गूगलनं हीचीच का ठेवावी? तिला कुणीतरी सांगितलेलं की रोज एक पोस्ट पडलीच पाहिजे. हा रोजचा नेम कुणी काढला काय की, पण आमच्याकडं निम्मे ब्लॉग त्यानंच मेलेत.

मग परफॉर्मन्स रिपोर्ट. तीन महिन्यांचा. आणि तिथं एक पोस्ट एकटीच वर आली, 4,300 इम्प्रेशन, 31 क्लिक, सरासरी पोझिशन 13. पोस्टीचं नाव 'माझी स्कॉलरशिप आणि मी'. ती म्हणली, "सर, ती डिलीट करणार होते, पर्सनल झाली."

मी ती तिथंच वाचायला घेतली आणि खरं सांगतो, हॉल शांत झाला. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, तिनं मंजूर झालेली रक्कम रिडीम केली, स्टेटस सगळं बरोबर, पण कॉलेजच्या कामासाठी काढलेल्या नव्या खात्यात पैसे काही येईनात. बँकवाले म्हणायचे आधार लिंक आहे. दोन महिने हेलपाटे घातल्यावर कळलं की खात्याला आधार जोडणं वेगळं आणि बँकाबँकांतले व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयकडं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते वेगळं. तिथं एका वेळी एकच बँक असते, आणि तिची होती ती गावातली, शाळेत असताना वडिलांनी काढलेल्या खात्याची. पैसे तिकडं जाऊन पडलेले. हे सगळं तारखांसकट, बँकेत कुठला फॉर्म मागायचा ते सुद्धा लिहिलेलं. असलं कुणी लिहित नाही हो, कारण ते उचलायला कुठंच मिळत नाही, स्वतः हेलपाटे घालावे लागतात.

खाली लोक काय शोधून तिथं आले ते बघितलं. `mahadbt redeem kela pan paise nahi`, `scholarship konatya khatyat jama`, `npci seeding status`. बहुतेक रोमन अक्षरांत टाइप केलेलं, कारण फोनवर मराठी कीबोर्ड असला तरी शोधताना पोरं इंग्रजीच ठोकतात. आणि शीर्षकात ह्यातला एक शब्द नाही. दुसऱ्या पानावर 'माझी स्कॉलरशिप आणि मी' असं दिसल्यावर ज्याचे पैसे अडकलेत तो कशाला दाबेल. म्हणून 4,300 वेळा दिसून 31 क्लिक. शीर्षक बदललं: 'महाडीबीटी रिडीम झालं पण खात्यात पैसे नाहीत? एनपीसीआयमधे बघा'. इथपर्यंत मी बरोबर होतो.

पण टाळ्या पडल्या की माणूस थांबत नाही. लिंक बघितली, तर शेवटी `blog-post_17.html`. देवनागरी शीर्षक दिलं की ब्लॉगर असली लिंक बनवतो, पोस्ट टाकायच्या आधी कस्टम परमालिंक स्वतः लिहावी लागते, नंतर पोस्ट ड्राफ्टमधे नेल्याशिवाय ती बदलता येत नाही. मी म्हणलं, ने ड्राफ्टमधे. बदल. परत टाक. सगळ्यांसमोर झालं, छान दिसलं, फोटो निघाले.

चौथ्या दिवशी मेसेज. "सर, जुनी लिंक लागत नाही. पोरी विचारायल्यात."

कुठल्या पोरी, तर तिच्या हॉस्टेलच्या, त्यांच्या मैत्रिणी, तीन-चार कॉलेजांचे व्हॉट्सॅप ग्रुप. ती लिंक महिनोन्महिने तिथं फिरत होती. सर्च कन्सोलमधे ह्यातलं काही दिसत नाही, तो फक्त गूगल शोधाचा हिशेब आहे, आणि मी त्याच्यावरच बोट ठेवून 'तुला वाचक 31' असं भर हॉलमधे म्हणलो होतो. त्या भरतीच्या पोस्टीसुद्धा त्याच ग्रुपवर वाचल्या जात होत्या म्हणे. त्या बंद कर म्हणून सांगून आलो होतो मी.

आणि गूगलकडं पण जुनाच पत्ता, तिथून येणारा पण रिकाम्या पानावर. दुरुस्ती दोन मिनिटांची, सेटिंग्जमधे एरर आणि रिडायरेक्टच्या भागात कस्टम रिडायरेक्ट टाकायचा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला आपोआप नव्यावर जातो, परमनंट चालू करून:

```
From: /2024/08/blog-post_17.html
To:   /2024/08/mahadbt-redeem-npci.html
```

पुढं डोमेन लावायचं नाही, नुसता मागचा भाग. फोनवर सांगितलं, तिनं केलं, लागली लिंक. हे स्टेजवरच करायला पाहिजे होतं. खरं तर लिंक बदलायचीच गरज नव्हती, लिंकमधल्या शब्दांनी शोधात पडणारा फरक नगण्य असतो हे मला चांगलं माहितेय. ती लिंक मला दिसायला घाण वाटली, एवढंच कारण.

आता तीन आठवड्यांनी पोझिशन 9 दाखवतोय. शीर्षकानं झालं का आपोआप, सांगता येत नाही, कारण मी दोन गोष्टी एकाच दमात बदलल्या आणि मधे चार दिवस पान गायब होतं.

काल तिनं एक फोटो पाठवला. माझीच स्लाइड, तिनं त्या दिवशी काढलेली. 'एकदा टाकलेली लिंक बदलू नका.' खाली तिनं काहीच लिहिलं नव्हतं, नुसता हसरा चेहरा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.