नोंद न झालेली ८१ मिनिटं

आमच्या शॉपमधल्या एका सीएनसी लेथच्या दोन पाळ्यांच्या लॉगशीट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मशीन एकच, जॉब एकच, प्रोग्रॅमही तोच. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर साहेबांनी दुसऱ्या पाळीच्या शीटवर लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, "पहिल्या पाळीत मशीन ९४ टक्के वेळ उपलब्ध, आणि याच्याकडे ८०? हा करतो काय रात्री?" दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर तिथे नव्हता. त्याच्या वतीने बोलायला कोणीच नव्हतं. मीही तेव्हा गप्प बसलो, कारण आकडे मला स्वतः तपासून पाहायचे होते.

भोसरीतल्या या कारखान्यात रोज सकाळी लॉगशीट एक्सेलमध्ये चढवून प्रत्येक मशीनची ओईई, म्हणजे शक्य होते त्यातले किती टक्के चांगले नग मशीनने दिले ते काढणं हे माझं काम आहे. पाळी साडेआठ तासांची. त्यातून जेवण आणि चहाची ६० मिनिटं वजा केली की नियोजित वेळ उरते ४५० मिनिटं. या जॉबचा ठरलेला सायकल टाइम ९० सेकंद, म्हणजे ७८ सेकंद मशीनचे आणि १२ सेकंद जॉब चढवायला-उतरवायला. एकही मिनिट वाया न जाता मशीन चाललं तर ३०० नग निघतील.

पहिल्या पाळीने २७ मिनिटांचा थांबा लिहिला होता. उरलेल्या ४२३ मिनिटांत २२८ नग निघाले, त्यातले ६ रिजेक्ट. अव्हेलेबिलिटी, म्हणजे नियोजित वेळेपैकी मशीन चाललेला वेळ, ९४ टक्के. परफॉर्मन्स, म्हणजे त्या चाललेल्या वेळात निघायला हवे होते त्यातले निघालेले नग, ८१ टक्के. क्वालिटी, म्हणजे त्यातले चांगले नग, ९७ टक्के. तिघांचा गुणाकार, म्हणजेच ओईई, ७४. दुसऱ्या पाळीने ९० मिनिटांचा थांबा लिहिला आणि ३६० मिनिटांत २३१ नग काढले, रिजेक्ट तिथेही ६. अव्हेलेबिलिटी ८०, परफॉर्मन्स ९६, क्वालिटी ९७. गुणाकार ७५.

ज्याच्या शीटवर लाल गोल झाला, त्याने तीन चांगले नग जास्त दिले होते.

ओईईचं गणित जवळून पाहिलं की हे असं का होतं ते कळतं. अव्हेलेबिलिटीत मशीन चाललेला वेळ वर असतो आणि परफॉर्मन्समध्ये तोच वेळ खाली असतो. गुणाकारात तो कटून जातो. शेवटी उरतं ते एवढंच:

```
OEE = चांगले नग × ठरलेला सायकल टाइम ÷ नियोजित वेळ
    = 225 × 1.5 ÷ 450 = 75%
```

थांबा लिहा किंवा लिहू नका, ओईई तीच येते. न लिहिलेला थांबा अव्हेलेबिलिटीतून निघून परफॉर्मन्समध्ये जाऊन बसतो, इतकंच. म्हणून एकूण ओईईवर मी भरवसा ठेवतो. सुटे तीन आकडे मात्र थांबे कसे लिहिले आहेत हे पाहिल्याशिवाय दोन पाळ्यांमध्ये ताडून बघायचे नसतात. साहेबांनी नेमकं तेच केलं.

मग मी उलट्या बाजूने हिशेब केला. पहिल्या पाळीच्या २२८ नगांना ९० सेकंदांच्या हिशेबाने ३४२ मिनिटं लागायला हवीत. मशीन चाललं म्हणतात ४२३ मिनिटं. मधली ८१ मिनिटं कुठेच लिहिलेली नाहीत. दुसऱ्या पाळीत असा फरक जेमतेम साडेतेरा मिनिटांचा.

परफॉर्मन्स ८१ म्हटल्यावर मीटिंगमध्ये एकाने लगेच सुचवलं होतं की मशीन सावकाश चालतंय, फीड ओव्हरराइड तपासा. तसं असेल तर कंट्रोलरच सांगेल. स्क्रीनवर RUN TIME दिसतो. ऑटोमध्ये मशीन प्रत्यक्ष चाललेला वेळ त्यात साठत जातो, स्टॉप आणि फीड होल्डचा वेळ धरला जात नाही. पुढच्या पहिल्या पाळीत मी सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग टिपलं. नगांची संख्या गुणिले ७८ सेकंद, आणि स्क्रीनवरचा वेळ, यांत मोजक्या मिनिटांचाच फरक आला. सायकल सावकाश नव्हतीच. मशीन पुनःपुन्हा थोडा थोडा वेळ उभं राहत होतं.

का उभं राहतं, ते दुसऱ्या पाळीच्या शीटवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. इन्सर्ट बदलून ऑफसेट देणे, २५ मिनिटं. पहिल्या नगाच्या तपासणीसाठी वाट पाहणे, २० मिनिटं. उरलेली ४५ मिनिटं दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या नोंदींची, आणि प्रत्येकीपुढे एकच कारण: चिप गुंडाळली. चिप म्हणजे कापताना निघणारी धातूची साल.

पहिल्या पाळीचा ऑपरेटर खोटं लिहीत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या फॉर्मच्या तळाशी छापलेलंच आहे की पाच मिनिटांच्या आतला थांबा लिहू नये. बऱ्याच ठिकाणी अशीच पद्धत असते. छोटे थांबे परफॉर्मन्सच्या तोट्यात धरतात. त्याने नियम पाळला, दुसऱ्याने सगळं लिहिलं. एका माणसाला तीस-चाळीस वेळा दार उघडून हुकने चिप ओढावी लागते आणि आमचा फॉर्मच त्याला ते लिहू नको म्हणून सांगतो, याचा मला खरा राग आला.

मी संध्याकाळी थांबून मशीनपाशी उभा राहिलो. "सर, बोअर फिनिशला बघा," दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर म्हणाला. बोअर, म्हणजे जॉबच्या आतलं भोक, ६० मिमी व्यासाचा, ४० मिमी लांब. फिनिश बोअरिंगला चिप तुटतच नव्हती. स्प्रिंगसारखी लांब दोरी निघायची, बोअरिंग बारला वेढे घालायची आणि तीच बोअरवर घासून ओरखडे पाडायची. रिजेक्ट नगांपैकी बहुतेक त्या ओरखड्यांचेच होते. प्रोग्रॅममध्ये फीड, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर, ०.१२ मिमी होतं. इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याच्या, चिपब्रेकरला चिप वाकवून तोडायला फीड पुरेसं लागतं. त्याखाली ती नुसती घसरत लांबत जाते. ड्रॉइंगवर फिनिश आरए ३.२, म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ३.२ मायक्रॉनपर्यंत, मागितलेला. ०.४ नोज रेडियसला ०.१८ फीडने हिशेबी आरए अडीचच्या आसपास येतो, म्हणजे जागा होती. प्रोग्रॅमरला बोलावून ०.१८ केलं. चिप तुटून छोट्या छोट्या कड्या पडायला लागल्या. फिनिश मोजला, ड्रॉइंगमध्ये बसला. शिवाय त्या कटचे २१ सेकंद १४ वर आले, म्हणजे सायकल ९० वरून ८३.

दरम्यान लाल गोलाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. फीड बदलण्याआधीच्या एका शीटवर त्याचा एकूण थांबा फक्त २८ मिनिटं होता, अव्हेलेबिलिटी ९४, आणि परफॉर्मन्स धाडकन खाली. चिपबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, लिहिलं की आपणच बोलणी खायची." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फॉर्ममधली ती ओळ काढायला लावली आणि छोट्या थांब्यांसाठी फक्त रेघा मारायचा रकाना घातला. मिनिटं लिहायची नाहीत, कारणाच्या नावापुढे रेघ ओढायची. तो आता भरतो, पण पूर्वीसारखं मोकळेपणाने लिहीत नाही, हे मला शीटवर दिसतं.

भांडण मात्र अजून चालू आहे. आता पाळीला २६२ चांगले नग निघतात. ठरलेला सायकल टाइम ९० च ठेवला तर ओईई ८७ येते, ८३ धरला तर साडेऐंशी. जपानच्या सेइची नाकाजिमांच्या टीपीएम या देखभाल पद्धतीतला, उत्तम ओईईचा ८५ टक्क्यांचा आकडा आमच्या बोर्डावर कायम लावलेला असल्याने साहेबांना सायकल टाइमचे ९० सेकंदच हवेत. माझं म्हणणं, मशीन ८३ सेकंदांत नग देतंय हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ९० ठेवले तर उद्या चिप पुन्हा गुंडाळायला लागेल आणि शीट सगळं ठीक आहे म्हणून सांगेल. परफॉर्मन्स शंभराच्या वर गेल्यावर तरी कोणी विचारेल, असंही नाही. छोटे थांबे आणि खोटा सायकल टाइम एकमेकांना झाकून टाकतात. एक्सेलमध्ये मी ८३ घातले आहेत. महिन्याच्या रिपोर्टवर सही व्हायची आहे.