नावं दोन, बाइट तेच

फाइलीचं नाव ही फाइलीबाहेरची गोष्ट आहे. गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांचं स्कॅन चिटणीस `itivrutta_1987.pdf` म्हणून चढवतात. तीच फाइल खजिनदारांकडे मेलने आलेली असते. ते ती स्कॅनरने दिलेल्या `Scan0042.pdf` या मूळ नावानेच चढवतात. नाव बदलल्याने आतला एकही बाइट हललेला नसतो, पण सर्व्हर भोळा. तो चाळीस पानांचं ओसीआर दुसऱ्यांदा करायला बसतो, आणि मग शोधात प्रत्येक ठराव दोनदा सापडतो.

उपाय जुना आणि सोपा: नाव विचारायचंच नाही, फाइलीतल्या सगळ्या बाइटांचा हॅश काढायचा. एसएचए-२५६ वापरला, तर फाइल एक केबीची असो वा एक जीबीची, हाती ६४ अक्षरांची एक ओळ येते. बाइट तेच असतील तर ओळ तीच. एक बिट बदलला तरी ओळ पार वेगळी. एमडी५ मात्र इथे नको. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम घडवता येतात हे २००४ मध्येच दाखवलं गेलं, आणि २०१७ मध्ये एसएचए-१ साठी तशा दोन पीडीएफ प्रत्यक्ष तयार झाल्या.

हॅश काढायला वेळ लागत नाही. ओसीआरला मिनिटं लागतात, तर तीस एमबीच्या फाइलीचा हॅश सेकंदाच्या आत होतो. फाइल सर्व्हरवर उतरत असतानाच, एकेक एमबीचा तुकडा तात्पुरत्या फाइलीत लिहिता लिहिता, तोच तुकडा हॅशलाही द्यावा. सगळं मेमरीत ओढायची गरज नाही.

इथे एक मजेदार घोटाळा होतो. कोड आधी फाइल वाचून ती खरंच पीडीएफ आहे का ते तपासतो आणि मग हॅश काढतो. पण वाचण्याचा काटा आता फाइलीच्या शेवटी उभा असतो. पुढे वाचायला काहीच नसल्याने हॅश निघतो तो शून्य बाइटांचा. पहिली फाइल नीट पार पडते आणि त्यानंतरची प्रत्येक फाइल ‘आधीच आहे’ म्हणून परत जाते. ओळखायचं कसं? तक्त्यात `e3b0c442` ने सुरू होणारा हॅश शोधा. तो रिकामेपणाचा हॅश. जगात सगळीकडे तोच. तो दिसला की हॅश काढण्याआधी `seek(0)` राहिलंय का ते बघावं, आणि रिकाम्या फाइली दारातच परत पाठवाव्यात.

तक्ते दोन हवेत. एकात कुणी, कधी, कोणत्या नावाने फाइल चढवली, ते. दुसऱ्यात हॅश आणि प्रक्रियेची स्थिती. चिटणीस आणि खजिनदार दोघांनाही आपापलं नाव दिसतं, ओसीआरचा मजकूर मात्र एकच. एकाने आपली नोंद काढली तरी मजकूर पुसायचा नाही. शेवटची नोंद गेल्यावरच पुसायचा.

‘हा हॅश आहे का’ असं आधी विचारून मग नोंद करणं धोक्याचं. दोघांनी एकाच क्षणी चढवलं तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. विचारणं आणि नोंदणं एकाच दमात व्हायला हवं. `sha256` या रकान्यावर अनन्यतेचं बंधन असेल, तर पोस्टग्रेसमध्ये ते असं होतं:

```
INSERT INTO content (sha256, status)
VALUES ($1, 'pending')
ON CONFLICT (sha256) DO NOTHING
RETURNING sha256;
```

ओळ परत आली तर काम आपलं. नाही आली तर कुणीतरी आधीच हात घातलाय. पण हात घातला म्हणजे काम झालं असं नव्हे. ओसीआर मध्येच कोसळलं तर हॅश तक्त्यात राहतो, आणि बिचारे खजिनदार कितीही वेळा चढवोत, फाइल कायमची वगळली जाते. म्हणून टाळायची ती फक्त `done` असलेली फाइल. `failed` पुन्हा रांगेत घालायची, आणि बराच वेळ `pending` राहिलेलीही. ओसीआरचं इंजिन बदललं तर जुनं `done` चालणार नाही, तेव्हा इंजिनाची आवृत्तीही नोंदलेली बरी.

या हॅशला मजकूर कळत नाही, फक्त बाइट कळतात. तेच पान पुन्हा स्कॅन केलं, पीडीएफ उघडून नव्याने सेव्ह केली आणि आतली बदलाची तारीख हलली, व्हॉट्सअॅपवरून चित्र फोटो म्हणून पाठवलं आणि ते दाबलं गेलं, की हॅश बदलतो. (डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर बाइट तसेच राहतात.) दिसायला सारख्या चित्रांसाठी वेगळ्या जातीचे हॅश असतात, पण ते साम्याचा अंदाज देतात. एकाच नमुन्यातल्या दोन पावत्या, फरक फक्त रकमेचा, त्यांना एकच वाटू शकतात. तिथे प्रक्रिया परस्पर टाळू नये. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून चढवणाऱ्यालाच विचारावं.